पकड किती हवी, हे मैदान ठरवते

पुण्या-मुंबईतच नव्हे, तर आता नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरातही रात्री दिवे लावून चालणारे 'टर्फ' गल्लोगल्ली दिसतात. तासावर भाडे द्यायचे, दहा-बारा जणांनी वर्गणी काढायची आणि कार्यालयातून सुटल्यावर फुटबॉल खेळायचा, हा अनेकांचा आठवड्याचा नेम झाला आहे. खेळ वाढला ही चांगलीच गोष्ट आहे. पण या खेळाडूंच्या पायांकडे पाहिले तर एक गोष्ट खटकते. निम्म्यांच्या पायांत गवताच्या मैदानासाठी बनवलेले लांब स्टडचे शूज असतात, काहींच्या पायांत रस्त्यावर पळण्याचे शूज असतात, आणि ज्या मैदानावर ते खेळत आहेत त्यासाठी बनवलेले शूज मोजक्यांकडेच असतात. शूज घेताना रंग पाहिला जातो, आवडत्या खेळाडूचे मॉडेल पाहिले जाते, सवलत पाहिली जाते. 'खेळणार कुठे?' हा प्रश्न दुकानदारही विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही.

यामागे एक समजूत आहे: स्टड जितके लांब आणि टोकदार, तितकी पकड जास्त; आणि पकड जितकी जास्त, तितके शूज चांगले. यातला पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा अर्धा भाग मात्र गुडघ्याच्या मुळावर येणारा आहे.

पकड दोन प्रकारची असते

पाय जमिनीवर रोवून पुढे झेप घ्यायची किंवा धावता धावता थांबायचे, तेव्हा शूजने सरळ रेषेत घसरू नये अशी आपली अपेक्षा असते. ही झाली सरळ पकड. पण चेंडूमागे वळताना किंवा प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देताना शरीर एका पायावर फिरते. त्या वेळी चवड्याखालचा तळ जमिनीवर किती सहज फिरतो, ही वेगळी गोष्ट आहे. तिला वळणाची पकड म्हणता येईल. चांगल्या शूजमध्ये सरळ पकड भरपूर आणि वळणाची पकड बेताची हवी. अडचण अशी की, स्टड लांब केले की दोन्ही एकदम वाढतात.

वळणाची पकड जास्त झाली की काय होते? पाऊल जमिनीत खिळल्यासारखे राहते, शरीर मात्र वळलेले असते. हा पीळ कुठेतरी जाणारच. घोटा काही प्रमाणात तो सहन करतो, उरलेला गुडघ्यात जातो. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना तिरके बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. डॉक्टर त्याला 'एसीएल' म्हणतात. तो तुटण्याच्या बहुतेक घटनांमध्ये समोरच्याचा थेट धक्का गुडघ्याला लागलेला नसतो. पाय रोवलेला, गुडघा थोडाच वाकलेला, शरीर वळत असलेले, आणि आतून 'कट्' असा आवाज, असेच वर्णन बहुतेक रुग्ण करतात. तासाभरात गुडघा सुजतो. शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा मैदानावर उतरायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. व्यावसायिक खेळाडूच्या मागे फिजिओ असतो. नोकरी करणाऱ्या हौशी खेळाडूच्या मागे घराचा हप्ता असतो.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेत डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी १९७१ मध्ये फिलाडेल्फियातील शाळकरी खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले अमेरिकन फुटबॉल खेळत. थोड्या आणि लांब स्टडऐवजी जास्त संख्येचे आखूड स्टड असलेले शूज वापरले, तेव्हा गुडघ्याच्या दुखापती आणि त्यांची तीव्रता कमी झाल्याचे त्यांना दिसले. पुढे १९८९ ते १९९१ या तीन हंगामांत अशाच तीन हजारांहून अधिक शाळकरी खेळाडूंवर लक्ष ठेवले गेले. तळाच्या कडेने लांब, वेड्यावाकड्या आकाराचे स्टड आणि मध्ये लहान टोकदार स्टड अशी रचना असलेल्या शूजमध्ये वळणाची पकड सर्वांत जास्त भरली, आणि ते घालणाऱ्यांमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक निघाले. हा खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा, आणि शूज त्या मुलांनी आपापल्या पसंतीने घेतलेले. त्यामुळे सगळा दोष शूजवर टाकता येणार नाही. मांडीचे कमकुवत स्नायू, थकवा, उडी मारून खाली येण्याची चुकीची पद्धत यांचाही वाटा मोठा असतो. पण स्नायू बळकट व्हायला महिने लागतात. शूज मात्र आजच्या आज बदलता येतात.

तळाची भाषा

फुटबॉलच्या शूजच्या खोक्यावर इंग्रजी दोन अक्षरे असतात. ती वाचली तर निम्मे काम होते. 'एसजी' म्हणजे ओल्या, मऊ मैदानासाठी. यात बहुधा सहा लांब स्टड असतात, अनेकदा धातूचे आणि पेचाने काढता-घालता येणारे. 'एफजी' म्हणजे घट्ट पण स्टड आत शिरेल अशा गवती मैदानासाठी. यात तळातच घडवलेले दहा-तेरा मध्यम लांबीचे स्टड असतात. 'एजी' म्हणजे लांब धाग्याच्या कृत्रिम गवतासाठी. स्टड संख्येने जास्त, आखूड आणि बहुधा गोल. 'टीएफ' म्हणजे कमी धाग्याच्या टर्फसाठी आणि टणक जमिनीसाठी. यात स्टड नसतातच म्हटले तरी चालेल. तळभर रबराचे छोटे छोटे डझनावारी गुटके असतात. सपाट रबरी तळाचे 'आयसी' किंवा 'आयएन' हे सभागृहातल्या लाकडी किंवा सिमेंटच्या फरशीसाठी.

स्टडचा आकारही पाहावा. गोल, शंकूसारखा स्टड जमिनीत शिरला तरी जागच्या जागी फिरू शकतो. पात्यासारखा चपटा स्टड मातीत पाचर ठोकल्यासारखा बसतो. पुढे झेप घेताना तो उत्तम, वळताना हट्टी. ज्यांचा गुडघा पूर्वी दुखावला आहे, त्यांनी गोल स्टडच घ्यावेत.

आता मैदान. महाराष्ट्रातला हौशी खेळाडू वर्षभरात तीन वेगवेगळ्या जमिनींवर खेळतो. जुलै-ऑगस्टमधले गवत आणि चिखल, दिवाळीनंतरची टणक माती किंवा मुरूम, आणि बाराही महिने सारखाच दिसणारा टर्फ. मऊ, ओल्या जमिनीत लांब स्टड लागतो, हे खरे. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नमध्ये पाऊस पडत होता आणि आडी डासलर यांनी पश्चिम जर्मनीच्या संघाला पेचाचे बदलता येणारे स्टड दिले होते. त्या ओल्या मैदानावर जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवले. ही गोष्ट सांगितली जाते ती लांब स्टडच्या कौतुकासाठी. पण तिचा खरा बोध 'स्टड मैदानाप्रमाणे बदला' हा आहे. तेच लांब स्टड जानेवारीतल्या टणक मुरमावर घातले तर ते जमिनीत शिरतच नाहीत. खेळाडू खुंट्यांवर उभा राहिल्यासारखा राहतो, सगळा भार स्टडच्या टोकांतून तळव्यावर येतो, चवड्याखाली आणि करंगळीच्या मागच्या हाडावर दाब वाढतो. तिथे पकड जास्त नसते, उलट कमीच असते. घोटा मुरगळतो तो यामुळे.

टर्फची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे स्टड आत शिरतो आणि धाग्यांच्या जाळ्यात अडकतो. मातीचा ढेकूळ जोर लागला की फुटतो आणि पाय सुटतो. गवताचे मूळ तुटते आणि पाय सुटतो. प्लास्टिकचा धागा तुटत नाही. नैसर्गिक मैदानात असलेली ही सुटका कृत्रिम मैदानात कमी असते, म्हणून तिथे ती शूजच्या तळात असावी लागते. 'एजी' आणि 'टीएफ' वेगळे बनवतात ते यासाठीच.

एका खेळाडूचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. तिशीतला, ७५ किलो वजनाचा एक नोकरदार बुधवारी रात्री टर्फवर आणि रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर खेळतो. त्याच्याकडे एकच 'एफजी' जोड आहे आणि एकच नवा जोड घेण्याइतके पैसे आहेत. त्याने काय करावे?

आधी टर्फ पाहावा. खाली बसून बोटांनी धागे बाजूला करावेत. धागे उभे असतील, त्यांच्यामध्ये काळे रबराचे दाणे आणि वाळू भरपूर असेल, बोटाचे पेर आत जात असेल, तर तो चांगला राखलेला लांब धाग्याचा टर्फ. त्यावर 'एजी' चालेल, 'टीएफ'ही चालेल. पण भाड्याच्या अनेक टर्फवर दोन-तीन वर्षांत धागे झोपलेले असतात, दाणे कोपऱ्यांत साचलेले किंवा पावसाने वाहून गेलेले असतात आणि मधल्या भागात बोटाला थेट खालचा गालिचा लागतो. असा टर्फ म्हणजे पातळ सतरंजी अंथरलेले सिमेंट. तिथे 'टीएफ'च हवे.

मग रविवारचे मैदान. शाळेचे मैदान आठ महिने टणक असते. तिथेही 'टीएफ' चालते. म्हणजे या खेळाडूच्या वर्षातल्या बहुतेक दिवसांना एकच 'टीएफ' जोड पुरतो, आणि जुना 'एफजी' जोड पावसाळ्यातल्या रविवारांसाठी ठेवता येतो. दुकानात मात्र त्याला 'एफजी'चे नवे मॉडेलच आधी दाखवले जाईल. कारण जाहिरातीतला खेळाडू युरोपातल्या रोज पाणी मारलेल्या गवतावर तेच घालून खेळतो.

शूज आणल्यावर मैदानावर दोन साध्या परीक्षा घ्याव्यात. पहिली, नुसते उभे राहून पाहायचे. स्टड जमिनीत शिरून तळ जमिनीला टेकला पाहिजे. तळ आणि जमीन यांत फट दिसली तर स्टड त्या मैदानासाठी लांब आहेत. दुसरी, एका पायाच्या चवड्यावर अर्धाच भार देऊन पाऊल हळूहळू आत-बाहेर फिरवायचे. थोडा विरोध होऊन पाऊल फिरले तर ठीक. पाऊल जागीच राहिले आणि ताण गुडघ्यात जाणवला, तर त्या जोडाने त्या मैदानावर खेळू नये. झटका देऊन ही परीक्षा करायची नाही. आणि उलट टोकही लक्षात ठेवावे: रबराचे गुटके झिजून गुळगुळीत झाले की ओल्या टर्फवर पाय सरकतो आणि जांघेचा स्नायू ताणला जातो. अंगठ्याखालचे गुटके कडेच्या गुटक्यांच्या निम्मे उरले की जोडाची मैदानावरची नोकरी संपली.

क्रिकेटमध्ये प्रश्न टाचेचा

क्रिकेटमध्ये गणित थोडे बदलते. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय चेंडू टाकताना जमिनीवर आदळतो, तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या पाचपट आणि त्याहूनही जास्त जोर येतो. तो पाय तिथे घसरला तर कंबर आणि जांघ दोन्ही धोक्यात. म्हणून गोलंदाजाला सरळ पकडही हवी आणि टाचेखाली जाड गादीही हवी. फुटबॉलचे शूज घालून गोलंदाजी करणारे अनेक जण दिसतात. त्या शूजमध्ये पकड असते, पण टाचेखाली जवळजवळ काहीच नसते. पळण्याच्या शूजमध्ये गादी असते, पण तळ उंच आणि मऊ असल्यामुळे चेंडू अडवायला आडवे पळताना पाय कडेला कलंडतो.

धातूचे स्पाइक कधी घालावेत? मातीची खेळपट्टी आणि गवताचे मैदान असेल तेव्हाच. मुंबईतली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. तिथल्या निसरड्या रन-अपवर रबराचे गुटके घालून धावणे म्हणजे शेवाळावर धावणे. तिथे स्पाइक ही चैन नव्हे, गरज आहे. पण जिल्ह्याच्या गावांत बहुतेक सामने मॅटिंगवर किंवा सिमेंटच्या पट्टीवर होतात. मॅटिंगमध्ये स्पाइक गुंततो, मॅट फाटते आणि पाय अडकतो. सिमेंटवर तोच स्पाइक लोखंडी पत्र्यावर ठेवलेल्या खिळ्यासारखा सरकतो. दोन्ही ठिकाणी रबरी स्टडचे शूजच योग्य. टेनिस बॉलच्या सामन्यांत तर स्पाइकचा प्रश्नच येऊ नये.

मापाचा एक नंबर

तळ बरोबर निवडला आणि माप चुकले तर सगळे वाया जाते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक शूजवर ब्रिटिश नंबर असतो. त्यातल्या दोन पूर्ण नंबरांत लांबीचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो. म्हणजे 'एक नंबर मोठा घे, सैल बरा' हा सल्ला पावलापुढे जवळजवळ एक सेंटिमीटर रिकामी जागा ठेवण्याचा सल्ला आहे. त्या जागेत पाऊल थांबताना पुढे सरकते, नखे काळी पडतात आणि टाचेला फोड येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शूज जिथे वाकायला हवे ती रेषा अंगठ्याच्या सांध्याखाली न येता पुढे जाते, आणि चवड्याखालचे स्टड चवड्याखाली राहत नाहीत.

मोठा नंबर घेण्याचे खरे कारण बहुधा लांबी नसते, रुंदी असते. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेले पाऊल पुढे पसरट असते आणि अनेक फुटबॉल शूज अरुंद साच्यावर बनतात. अशा वेळी नंबर वाढवण्याऐवजी रुंद साच्याचे मॉडेल शोधावे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि खेळताना घालतो तेच मोजे घालून माप द्यावे. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करावी. दोन्ही पायांचे माप घ्यावे आणि मोठ्या पायाला शूज बसवावे. बोटापुढे पाच ते आठ मिलिमीटर मोकळी जागा पुरते, करंगळीकडे शूजची भिंत फुगलेली दिसू नये आणि टाच उचलताना मागून शूज सुटू नये. खेळून झाल्यावर मोजा काढला की तळव्यावर स्टडच्या जागी लाल ठिपके दिसले, तर तळ फार पातळ आहे किंवा मैदान त्या स्टडसाठी टणक आहे.

मुलांच्या बाबतीत आई-वडिलांनी जास्त सावध राहावे. आठ ते चौदा वर्षांच्या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून पक्का झालेला नसतो. सपाट, कडक तळाचे स्टड घालून टणक मैदानावर रोज पळणाऱ्या मुलांची टाच दुखू लागते. सरावानंतर मूल चवड्यावर चालत घरी येते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की दुखते, ही त्याची ओळख. हे 'नाटक' नसते आणि बहुधा कायमचेही नसते. विश्रांती, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम आणि स्टडऐवजी गादीचे 'टीएफ' शूज यांनी बहुतेक मुले बरी होतात. पण सूज आली किंवा रात्रीही दुखू लागले, तर डॉक्टरांनाच दाखवावे.

फलक कोणी लावायचा?

हे सगळे खेळाडूच्या डोक्यावर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. अनेक टर्फच्या दारावर 'स्टड घालून प्रवेश नाही' अशी पाटी असते, पण ती गालिचा वाचवण्यासाठी असते आणि गर्दीच्या वेळी तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती गुडघा वाचवण्यासाठी आहे असे समजून पाळली गेली पाहिजे. टर्फ चालवणाऱ्याने धाग्याची लांबी, दाणे शेवटचे कधी भरले आणि कोणता तळ चालेल, एवढ्या तीन गोष्टी दारावर लिहिल्या तरी पुरे. धागे झोपले, दाणे उडाले की मैदान बदलते. भाडे मात्र तेच राहते. तासाचे पैसे मोजणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क आहे.

शाळा आणि अकादम्यांनी तर गणवेशाच्या यादीत नुसते 'फुटबॉल शूज' लिहिणे बंद करावे. यादीत तळाचा प्रकार लिहावा, कारण मैदान त्यांचे आहे आणि ते कसे आहे हे त्यांनाच ठाऊक आहे. पालक दुकानात जातात तेव्हा त्यांच्या हातात दोन अक्षरांची ती चिठ्ठी असेल, तर दुकानदारालाही 'एफजी'चे चकचकीत मॉडेल पुढे करण्याआधी विचार करावा लागेल.